अशिलाला सोप्या भाषेत ईमेल लिहिताना कराराचे शब्द कसे सांभाळायचे?

प्रश्न: मी पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर आहे. आमचे अशील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय आणि राहणारा मुलगा लॉक-इन संपायच्या आधीच सोडून चाललाय. सिनिअर म्हणाले, सरांना करार समजेल असा ईमेल सोप्या मराठीत लिही. मी लिहिलं: “भाडेकरूने एक वर्षाच्या आत घर सोडलं तर तुम्ही त्याचं डिपॉझिट ठेवून घेऊ शकता. नोटीस महिनाभर आधी द्यायची असते. घराचं काही नुकसान झालं असेल तर तेही कापून घ्या.” सिनिअर म्हणाले, भाषा सोपी झाली पण करार बदलला. मग नक्की काय तसंच ठेवायचं आणि काय सोपं करायचं? कराराची कलमं सोबत जोडली आहेत.

उत्तर:

तुमच्या तीन वाक्यांत चार ठिकाणी करार बदललाय. ती चार ठिकाणं नीट पाहिली की बाकीचं आपोआप लक्षात येईल, म्हणून आधी कलमंच समोर ठेवतो.

कलम 6: “लॉक-इन कालावधी संपण्यापूर्वी लायसन्सीने लायसन्स संपुष्टात आणल्यास, लॉक-इन कालावधीच्या उर्वरित महिन्यांची लायसन्स फी लायसन्सर यांना देण्यास लायसन्सी जबाबदार राहील.”

कलम 7: “लॉक-इन कालावधीनंतर कोणताही पक्ष दुसऱ्या पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन हा करार संपुष्टात आणू शकेल.”

कलम 9: “लायसन्सीने परिसराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा परत दिल्यावर, थकीत लायसन्स फी, वीज व इतर देयके, आणि नैसर्गिक झीज वगळता झालेल्या नुकसानीची रक्कम वजा करून उर्वरित अनामत रक्कम लायसन्सर परत करतील.”

करार 1 जून 2024 ते 31 मे 2026, लॉक-इन पहिले 12 महिने, लायसन्स फी महिना 28,000 रुपये, अनामत रक्कम 1,00,000 रुपये. लायसन्सीने 10 जानेवारी 2025 ला ईमेल करून 28 फेब्रुवारीला सोडतो असं कळवलंय.

पहिला बदल “भाडेकरू” या शब्दात आहे. बोलताना सगळेच तसं म्हणतात, सरही म्हणत असतील. पण सरांनी फ्लॅट भाडेपट्ट्याने दिलेलाच नाही. इझमेंट अॅक्ट 1882 च्या कलम 52 प्रमाणे लायसन्स म्हणजे फक्त वापरण्याची परवानगी. जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. भाडेकरूचा मात्र जागेत हक्क असतो आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला मिळतं. महाराष्ट्रातले घरमालक या फरकाला इतकं जपतात त्याला इतिहास आहे. 1973 मध्ये मुंबई भाडे कायद्यात कलम 15अ घातलं गेलं आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर ताब्यात असलेल्या लायसन्सींना भाडेकरू मानलं गेलं. परवानगीवर राहायला दिलेली जागा पिढ्यान्‌पिढ्या अडकल्याची उदाहरणं त्यातून निर्माण झाली. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा, तुलनेने जलद रस्ता देतो. हा रस्ता राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सरसाठी आहे, “भाडेकरू” ठेवणाऱ्या मालकासाठी नाही.

ईमेलमध्ये एकदा “भाडेकरू” लिहिल्याने लायसन्सचा भाडेपट्टा होत नाही, हे खरं. दस्ताला नाव काय दिलंय यापेक्षा पक्षांमधला व्यवहार प्रत्यक्षात कसा होता हे कोर्ट पाहतं, असं सुप्रीम कोर्टाने 1959 मध्येच सांगितलंय. पण दोन्ही पक्ष व्यवहार काय समजत होते, याचा पुरावा म्हणून असे शब्द समोरचा वकील पुढे करणारच. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय असतो, पण ते संरक्षण अशिलाचं असतं आणि अशील स्वतःच ते घालवू शकतो. सोपा, समजणारा ईमेल मिळाला की तो व्हॉट्सअॅपवर समोरच्याला फॉरवर्ड होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. “बघ, आमचे वकील काय म्हणतात.” म्हणून ईमेल लिहिताना तो लायसन्सीच्या वकिलाच्या हातात पडणार आहे असं धरूनच लिहा.

दुसरा बदल सगळ्यात महागात पडणारा आहे: “डिपॉझिट ठेवून घेऊ शकता.” कलम 6 मध्ये अनामत रकमेचा उल्लेखच नाही. त्यात देणं आहे ते उर्वरित महिन्यांच्या लायसन्स फीचं. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने, म्हणजे 84,000 रुपये. लाखातून पूर्ण 84,000 वजा केले तरी 16,000 परत द्यावेच लागतील. तुमच्या वाक्याने ते 16,000 परस्पर सरांचे करून टाकले.

त्याहून बारीक गोष्ट कलम 9 मध्ये आहे. अनामत रकमेतून काय वजा करायचं याची यादी तिथे बंदिस्त आहे: थकीत लायसन्स फी, देयके, नुकसानीची रक्कम. मार्च ते मे ची फी 28 फेब्रुवारीला “थकीत” आहे का? लायसन्सीचा वकील म्हणेल, ज्या महिन्यात मी जागा वापरलीच नाही त्याची फी थकणार कशी, ती कलम 6 खालची वेगळी जबाबदारी आहे. हा युक्तिवाद टिकेल की नाही ते पुढचं पुढे, पण तो करायला जागा आहे. “थकीत लायसन्स फी” आणि “उर्वरित महिन्यांची लायसन्स फी” हे दोन शब्दप्रयोग करारात वेगळे आहेत. तुम्ही दोघांना “राहिलेले पैसे” म्हटलंत तर हा प्रश्न सरांच्या डोळ्यासमोर येणारच नाही आणि ते लाखातून 84,000 कापून मोकळे होतील.

शिवाय ती रक्कम मिळेलच असंही नाही. कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारभंगासाठी आधीच ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवतं. मार्चमध्येच दुसरा लायसन्सी मिळाला तर नुकसान कमी दिसणार. म्हणून कलमातला “जबाबदार राहील” हा शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याचा सरांसाठी अर्थ “तुम्ही मागू शकता” एवढाच लिहायचा. “तुम्हाला मिळेल” लिहू नका.

तिसरा बदल नोटिशीचा आहे, आणि तो क्रियापदात दडलाय. कलम 7 “आणू शकेल” म्हणतं. तो अधिकार आहे, आणि तोही लॉक-इन संपल्यावर. तुम्ही “द्यायची असते” लिहिलंत, म्हणजे सर्वसाधारण रीत. सरांना त्यातून वाटेल की लायसन्सीने जानेवारीत कळवलं, महिन्याहून जास्त वेळ दिला, म्हणजे त्याने नियम पाळला. प्रत्यक्षात लॉक-इनच्या काळात कलम 7 लागूच होत नाही. “लेखी” हा शब्दही गळालाय. या प्रकरणात ईमेल आलाय म्हणून धकून गेलं, पण पुढच्या वर्षी सर फोनवरच नोटीस देऊन बसतील. “महिनाभर” हाही “एक महिना” नव्हे. महिनाभर म्हणजे साधारण तेवढे दिवस. फेब्रुवारी 28 दिवसांचा असतो, तेव्हा “एक महिना” आणि “तीस दिवस” एकमेकांच्या जागीही वापरता येत नाहीत.

इथे मराठीतली एक अडचण सांगतो, कारण तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. करारातली मराठी कर्तव्य सांगायला भविष्यकाळ वापरते: “लायसन्सर परत करतील”, “लायसन्सी जबाबदार राहील”. वकिलाला त्यात सक्ती ऐकू येते. साध्या वाचकाला तो अंदाज वाटतो, पाऊस पडेल तसा. म्हणून शब्द न हलवता आजूबाजूचं वाक्य सोपं करायचं हे धोरण क्रियापदाला लागू होत नाही. क्रियापद तसंच ठेवलं तर अर्थ हरवतो. तिथे बोली मराठीची नेमकी रूपं वापरा. कर्तव्याला “करावं लागेल”, अधिकाराला “करता येईल”, मनाईला “करता येणार नाही”, आणि आपल्या सल्ल्याला “करा” किंवा “करू नका”. पूर्ण ईमेलभर या चार रूपांची अदलाबदल होऊ देऊ नका. “करायला हवं” हे रूप मी अशिलाच्या ईमेलमध्ये वापरत नाही. ते कर्तव्य आहे की सल्ला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

चौथा बदल “काही नुकसान झालं असेल तर कापून घ्या” हा. “नैसर्गिक झीज वगळता” हा अपवाद नाहीसा झाला. अपवाद वाक्याच्या मध्ये घुसलेला असतो, त्यामुळे सोपं करताना तोच आधी कापला जातो. परिणाम ठरलेला आहे: सर पूर्ण फ्लॅटच्या रंगकामाचं बिल लावतील आणि लायसन्सी भांडेल. लायसन्सीचं बरोबर असेल.

आता “काय तसंच ठेवायचं” याकडे. करार घ्या आणि पेन्सिलीने चार प्रकारच्या गोष्टींखाली रेघ ओढा: पक्षांची नावं, पैशांची नावं, मुदती, आणि अट किंवा अपवाद सांगणारे शब्द, म्हणजे “पूर्वी”, “नंतर”, “दिल्यावर”, “वगळता”, “आणि”, “किंवा”. हे शब्द ईमेलमध्ये जसेच्या तसे जातील आणि प्रत्येक वेळी तेच जातील. एकदा “अनामत रक्कम” लिहिलं की पुढे “डिपॉझिट” नाही, “ठेव” नाही, “आगाऊ रक्कम” तर अजिबात नाही, कारण ती वेगळी गोष्ट. शाळेत शब्दांची पुनरुक्ती टाळा असं शिकवतात. इथे ती मुद्दाम करायची. रेघ न ओढलेलं बाकी सगळं सोपं करायला मोकळं आहे. “संपुष्टात आणल्यास” चं “संपवलं तर”, “परिसर” चा “फ्लॅट”, “देण्यास” चं “द्यायला”. “परिसर” चा “फ्लॅट” करताना मात्र करारात पार्किंगही परिसरात धरलंय का ते पाहून घ्या.

ज्या कलमावर पैसे अवलंबून आहेत ते अवतरणात पूर्ण द्या आणि खाली साधा अर्थ लिहा. प्रत्येक कलमासाठी असं केलं तर ईमेल पुन्हा करारासारखाच होतो. या प्रकरणात कलम 6 आणि 9 अवतरणात पुरेत, कलम 7 एका वाक्यात सांगता येतं.

मी हा ईमेल असा लिहीन:

> विषय: लायसन्सी लॉक-इन कालावधीत फ्लॅट सोडत असल्याबद्दल (फक्त तुमच्यासाठी, कृपया फॉरवर्ड करू नका)
>
> आदरणीय सर, नमस्कार.
>
> या ईमेलमध्ये “तुम्ही” म्हणजे करारातले लायसन्सर, तुम्ही आणि मॅडम दोघंही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना करारात “लायसन्सी” म्हटलं आहे. त्यांच्याशी बोलताना आणि लिहिताना कृपया तोच शब्द वापरा, “भाडेकरू” लिहू नका.
>
> लायसन्सींनी 10 जानेवारीच्या ईमेलने कळवलं आहे की ते 28 फेब्रुवारी 2025 ला फ्लॅट सोडतील. लॉक-इन कालावधी 31 मे 2025 पर्यंत आहे, म्हणजे ते तीन महिने आधी जात आहेत. एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवण्याची सोय (कलम 7) लॉक-इन कालावधीनंतरच वापरता येते. आत्ता ती लागू नाही.
>
> अशा वेळी कलम 6 लागू होतं: “लॉक-इन कालावधी संपण्यापूर्वी लायसन्सीने लायसन्स संपुष्टात आणल्यास, लॉक-इन कालावधीच्या उर्वरित महिन्यांची लायसन्स फी लायसन्सर यांना देण्यास लायसन्सी जबाबदार राहील.” मार्च, एप्रिल आणि मे ची लायसन्स फी 84,000 रुपये होते. तुम्हाला ती मागता येईल. त्यांनी नकार दिला आणि वाद कोर्टात गेला, तर 84,000 ही वरची मर्यादा धरून तुमचं वाजवी नुकसान किती, हे कोर्ट ठरवेल. लवकर दुसरे लायसन्सी मिळाले तर ही रक्कम कमी होऊ शकते.
>
> अनामत रकमेबद्दल कलम 9 असं आहे: “लायसन्सीने परिसराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा परत दिल्यावर, थकीत लायसन्स फी, वीज व इतर देयके, आणि नैसर्गिक झीज वगळता झालेल्या नुकसानीची रक्कम वजा करून उर्वरित अनामत रक्कम लायसन्सर परत करतील.” म्हणजे ताबा मिळाल्यावर या तीनच गोष्टी वजा करून बाकीची अनामत रक्कम तुम्हाला परत करावी लागेल. नेहमीच्या वापराने रंग फिका होणं ही साधारणपणे नैसर्गिक झीज समजली जाते, तिचे पैसे वजा करता येणार नाहीत. फुटलेलं बेसिन नैसर्गिक झीज नाही.
>
> वरचे 84,000 रुपये अनामत रकमेतून वजा करता येतील, असं कलम 9 मध्ये स्पष्ट लिहिलेलं नाही. लायसन्सींची लेखी संमती मिळेपर्यंत ते वजा करू नका.
>
> ताबा घेण्याच्या दिवशी फ्लॅटचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. ताब्याच्या पावतीवर “करारातील आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून ताबा स्वीकारला, हिशेब बाकी आहे” एवढं लिहा. “सर्व व्यवहार पूर्ण झाले” अशा मजकुरावर सही करू नका.
>
> 84,000 ची मागणी करायची की थोडी रक्कम घेऊन तडजोड करायची, हे कळवा. लायसन्सींना जाणारं पत्र आम्ही तयार करू.

या ईमेलमधल्या दोन जागा मुद्दाम दाखवतो. पहिली, “तुम्ही” ची व्याख्या. मराठीत “तुम्ही” आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. करारावर दोघांच्या सह्या आहेत. पावतीवर एकट्या सरांची सही चालते असा समज इथूनच होतो. दुसरी, “हक्क अबाधित ठेवून”. हा शब्दप्रयोग सोपा करायच्या फंदात पडू नका. “आमचे हक्क सोडलेले नाहीत” हे बोलायला चांगलं आहे, पण पावतीवर जे उतरणार आहे ते सरांनी नकलून काढण्याजोगं तयार द्यायचं. अशिलाला कागदावर जे लिहायचंय ते अवतरणात, जे समजून घ्यायचंय ते साध्या भाषेत, ही रेषा ईमेलमध्ये स्पष्ट दिसली पाहिजे.

ईमेल पाठवण्याआधी एक तपासणी करा. करार बाजूला ठेवा आणि फक्त ईमेल वाचून कलम 6, 7 आणि 9 पुन्हा लिहून पाहा. मग मूळ कलमाशी ताडा. एखादी अट, अपवाद किंवा मुदत परत आली नाही, तर ती ईमेलमधून गळाली आहे. तुमच्या मूळ मसुद्यावर हे केलं असतंत तर “लेखी”, “लॉक-इन कालावधीनंतर” आणि “नैसर्गिक झीज वगळता” हे तिन्ही गेल्याचं लगेच दिसलं असतं. दुसरी तपासणी पाठवल्यानंतरची. सरांना फोन करा, पण “समजलं का?” विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. “मग 28 तारखेला तुम्ही त्यांना किती पैसे परत देणार?” असं विचारा. सर म्हणाले की लाखातून वीजबिल आणि मोडतोड वजा करून बाकीचे देईन, चौऱ्याऐंशी हजारांचं त्यांच्याकडून लेखी घेऊन मग बघू, तर ईमेल समजला. “सोळा हजार” म्हणाले तर कलम 9 खालचा परिच्छेद पुन्हा लिहायला बसा.

आणि लायसन्सीला जाणारं पत्र या ईमेलवरून कॉपी करून तयार करू नका. कोर्टाने रक्कम कमी धरण्याची शक्यता आणि वजावटीबद्दलची शंका या दोन्ही गोष्टी सरांना सांगायच्याच आहेत आणि लायसन्सीला सांगायच्या नाहीत. ते पत्र कोऱ्या पानावर, थेट करारावरून लिहा.